लघवीच्या स्लाइडवर दोऱ्यासारखे लांब ई. कोलाय: विभाजन नेमकं कुठे अडतं?

स्लाइडवाली

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काल सकाळी एका बाईंच्या लघवीची ग्रॅम स्टेनची स्लाइड ऑइल लेन्सखाली लावली. पस सेल भरपूर होते, आखूड गुलाबी दांडकी होती, ती रोजचीच. पण त्यांच्यामधूनच लांब गुलाबी दोरे गेलेले. एक दोरा मी शेजारच्या पस सेलशी ताडून पाहिला, तर तीन पस सेल ओळीने ठेवले तर होईल एवढा लांब. म्हणजे तीसेक मायक्रॉन तरी. साधा ई. कोलाय दोन ते चार मायक्रॉनचा.

आधी बुरशी वाटली. पण बुरशी जांभळी रंगते, जाड असते, तिला फांद्या फुटतात. हे दोरे गुलाबी होते आणि जाडी अगदी शेजारच्या दांडक्यांएवढीच. मग बाईंना फोन करून विचारलं. घरात उरलेल्या सिफॅलेक्सिनच्या कॅप्सूल दोन दिवस घेतल्या होत्या म्हणाल्या.

औषधाने जिवाणू वाढतो पण तुटत नाही, एवढं मला माहीत आहे. पण तुटत नाही म्हणजे काय होत नाही? बारावीला कांद्याच्या मुळाची स्लाइड केली होती. तिथे कोल्चिसीन घातलं की गुणसूत्रं ओढून वेगळी करणारा तर्कू तयार होत नाही आणि गुणसूत्रं मध्येच अडकतात असं सर सांगायचे. इथेही तसंच काही अडकतं का? त्या दोऱ्याच्या आत डीएनए एक आहे की अनेक?

अवि_सर

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ताई, जिवाणूचं द्विविभाजन फार सरळ आहे. डीएनए पेशीपटलाला एका जागी चिकटलेला असतो. त्याची प्रत होते, तीही शेजारी चिकटते. मग दोघांच्या मधलं पटल वाढतं आणि दोन्ही प्रती आपोआप लांब जातात. शेवटी मधोमध एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचं कडं बसतं आणि पेशी आवळते. हे एफटीएसझेड आपल्या ट्युब्युलिनचं नातेवाईक आहे, म्हणजे तो जिवाणूचा तर्कूच समजा. सूत्री विभाजनाचीच ही छोटी आवृत्ती. सिफॅलेक्सिन कोल्चिसीनसारखं ते कडं मोडत असणार.

निरभ्र

अवि सर, नातं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. मी जिवाणूंच्या विभाजनावरच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफटीएसझेड आणि ट्युब्युलिन एकाच घराण्यातले आहेत यात शंका नाही. 1998 साली दोघांच्याही त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाल्या. अमिनो आम्लांचा क्रम फारसा जुळत नव्हता, पण घडी तीच. दोघेही जीटीपी धरतात, त्याच्या जोरावर साखळी बांधतात आणि तो वापरला गेला की साखळी सुटते. पण काम मात्र वेगळं आहे. आपल्या पेशीत ट्युब्युलिनच्या नळ्या गुणसूत्रं ओढून वेगळी करतात. त्यानंतर पेशी मधोमध आवळायचं काम अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचा पट्टा करतो. जिवाणूत ट्युब्युलिनचा भाऊबंद डीएनएला हातही लावत नाही, तो आवळण्याच्या जागी बसतो. आणि काही प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे सुटे तुकडे, दोन टोकांना ढकलायचं काम तिथे अ‍ॅक्टिनच्या घराण्यातलं प्रथिन करतं. दोन्ही घरी भांडी तीच, पण एकाकडे ज्यात भात शिजतो त्यात दुसऱ्याकडे पाणी तापतं.

म्हणून एफटीएसझेडला तर्कू म्हटलं की पुढचं सगळं चुकत जातं. तर्कू मोडला तर गुणसूत्रं अडकतात. एफटीएसझेड काढून घेतलं तर डीएनए मजेत वेगळा होतो, फक्त पेशी तुटत नाही. हे नावातच आहे. ई. कोलायचे काही उत्परिवर्तित प्रकार 30 अंशाला नीट विभागतात आणि 42 अंशाला नेले की नुसते लांबत जातात. ‘तापमानाला हळवे, दोऱ्यासारखे’ अशा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन त्या जनुकांना एफटीएस म्हटलं गेलं आणि त्यांतलं एक झेड. ते प्रथिन खरोखर मधोमध कडं करून बसतं हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली 1991 साली दिसलं.

पटल वाढून डीएनए लांब जातो ही कल्पना 1960च्या दशकातली आहे. सुंदर होती, पण ई. कोलायमध्ये ती टिकली नाही. डीएनएच्या प्रती पेशी वाढते त्यापेक्षा लवकर वेगळ्या होतात.

आता ताईंचा प्रश्न. सिफॅलेक्सिन एफटीएसझेडला शिवत नाही. कडं बसतं. त्या कड्याभोवती नवी भित्तिका विणणारी मंडळी जमतात. त्यांतलं एक प्रथिन, एफटीएसआय, सिफॅलेक्सिन बंद पाडतं. म्हणजे जागा ठरली, माणसं जमली आणि गवंड्याचा हात धरला गेला. कोल्चिसीनशी तुलना इथे बसत नाही. कोल्चिसीन तर एफटीएसझेडवर चालतही नाही, घराणं एक असूनसुद्धा. आणि तुमच्या दोऱ्यात डीएनए एक नाही. तीस मायक्रॉनच्या दोऱ्यात ठरावीक अंतरावर अनेक असणार, माळेतल्या मण्यांसारखे.

वाटसरू७

धागा वाचून काळजी वाटली. माझ्या आईला मागच्या महिन्यात लघवीच्या जळजळीसाठी सिफॅलेक्सिन दिलं होतं. तिने मधले काही डोस चुकवले. नंतर तपासणी केली तर रिपोर्टात काहीच वाढ नाही असं आलं, पण त्रास थोडा आहेच. तिच्या शरीरात असे दोरे राहिले असतील का?

स्लाइडवाली

वाटसरू, त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवाच, इथल्या चर्चेवरून काही ठरवू नका. लॅबच्या बाजूने एवढंच सांगू शकते की औषध सुरू असताना दिलेल्या नमुन्यात वाढ न येणं आणि जंतू नसणं हे एकच नाही. नमुना शक्यतो पहिल्या गोळीच्या आधी द्यावा, आणि औषध घेतलं असेल तर कोणतं, कधी घेतलं ते लॅबला आवर्जून सांगावं. बहुतेक लोक सांगत नाहीत.

निरभ्र, गवंड्याचं उदाहरण लगेच समजलं. पण मग ‘जागा ठरली’ ही कशी? कांद्याच्या पेशीत तर्कू असतो, त्याच्या दोन टोकांवरून मध्य कळतो. इथे तर तर्कूच नाही.

कांदेपात

मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. कांद्याच्या मुळाचं नाव निघालं आणि राहवलं नाही. चौतीस वर्षं मुलांकडून ती स्लाइड करून घेतली. सकाळी मुळांची टोकं कापायची, फिक्सेटिव्हमध्ये ठेवायची, आम्लात किंचित ऊब द्यायची, अ‍ॅसिटोकार्मिन घालून काचेवर अंगठ्याने दाबायचं. सरळ दाबलं तरच गुणसूत्रं दिसतात. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि सगळं वाया.

निरभ्र, तुमची भांड्यांची अदलाबदल प्राण्यांना लागू पडते. माझ्या कांद्याला नाही. वनस्पतीची पेशी बाहेरून आवळता येत नाही, भित्तिका असते. तिथे गुणसूत्रं वेगळी झाल्यावर मधोमध बारीक पुटिका जमतात आणि त्यांचा पडदा आतून बाहेर पसरत जाऊन कडेच्या भित्तिकेला मिळतो. त्या पुटिका तिथवर नेतात कोण? ट्युब्युलिनच्याच नळ्या. म्हणजे वनस्पतीत ट्युब्युलिन गुणसूत्रंही वेगळी करतं आणि पेशीची वाटणीही. जिवाणूलाही भित्तिका आहे, पण तो ती बाहेरून आत विणत नेतो. मला हा फरक मोठा वाटतो.

आणखी एक. एफटीएसझेड फक्त जिवाणूंचं आहे असं कुणी समजू नये. हिरव्या पानात ते आजही आहे. हरितलवके एकेकाळचे जिवाणू, ते अजून त्याच कड्याने विभागतात. 1998 साली एका मॉसमध्ये, म्हणजे ओल्या भिंतीवर वाढते तसल्या इवल्या वनस्पतीत, ते जनुक काढून टाकलं, तर पेशीत डझनांनी लवकं असायच्या ऐवजी एकच अवाढव्य लवक राहिलं. पेशी स्वतः नीट विभागत होती, कारण तिची यंत्रणा निराळी. तुमचा लांब दोरा आणि ते मोठं लवक हे एकाच गोष्टीचे परिणाम आहेत, एकाने लांबून दाखवलं आणि दुसऱ्याने फुगून.

निरभ्र

कांदेपात मॅडम, मान्य. अदलाबदल प्राणी आणि यीस्टपुरतीच म्हणायला हवी होती. मॉसचं उदाहरण तर ताईंच्या स्लाइडशी फार छान जुळतं.

मध्य कसा सापडतो ते आता सांगतो, कारण माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. ई. कोलायमध्ये मिन नावाची प्रथिनं आहेत. त्यांतलं एक एफटीएसझेडला साखळी बांधू देत नाही. ही प्रथिनं पेशीच्या एका टोकाला गोळा होतात, तिथून सुटतात, दुसऱ्या टोकाला जातात, पुन्हा परत. एका फेरीला साधारण मिनिटभर लागतं. झोपाळा आठवा. झोपाळा टोकाला क्षणभर रेंगाळतो आणि मधून झर्रकन जातो. म्हणून सरासरी काढली तर मनाई करणारं प्रथिन टोकांना जास्त आणि मधोमध सर्वांत कमी. कडं तिथेच बसतं. मोजपट्टी नाही, खूण नाही, नुसत्या हेलकाव्यातून मध्य निघतो. 1999 साली हे चमकणारं प्रथिन जोडून प्रत्यक्ष पाहिलं गेलं.

हेलकावा बिघडला की काय होतं तेही स्लाइडवर दिसतं. कडं कधीकधी टोकाजवळ बसतं आणि डीएनए नसलेली इवलीशी गोल पेशी तुटून पडते. ती तगते थोडा वेळ, पण तिला संतती नाही.

दुसरी मनाई डीएनएचीच. स्लमए नावाचं प्रथिन डीएनएवर बसलेलं असतं आणि जिथे डीएनए पसरलेला आहे तिथे कडं बसू देत नाही. डीएनए बाजूला झाला की जागा मोकळी.

अवि_सर

पटलाची गोष्ट मी वर्गात बदलून सांगेन. पण माझा मूळ मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. सूत्री विभाजनात सगळी गुणसूत्रं तर्कूला जोडली जाईपर्यंत पेशी थांबते. एक जरी गुणसूत्र सुटं असलं तरी पुढची पायरी होत नाही. स्लमए हीच राखण करतंय ना? मग तत्त्व तेच झालं की.

आणि एक शंका. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो असं आम्ही शिकवतो. डीएनएची प्रत करायला मात्र चाळीस मिनिटं लागतात असं एका विद्यार्थ्याने कुठून तरी वाचून आणलं. मला उत्तर देता आलं नाही.

निरभ्र

सर, विद्यार्थ्याने बरोबर वाचलंय आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्याच्याच शंकेत आहे.

37 अंशाला, भरपूर खाद्य असताना, ई. कोलायला प्रत पूर्ण करायला सुमारे 40 मिनिटं लागतात आणि ती पूर्ण झाल्यापासून पेशी तुटेपर्यंत आणखी वीसेक. एकूण साठ. तरी पेशी दर वीस मिनिटांनी तुटते. कारण पहिली प्रत पूर्ण व्हायच्या आत त्याच डीएनएवर दुसरी सुरू होते आणि तिच्यावर तिसरी. आज तुटणाऱ्या पेशीसाठीची प्रत तिच्या आजीच्या पोटात सुरू झालेली असते. हे गणित 1968 साली मांडलं गेलं आणि अजून चालतं.

कांद्याच्या किंवा माणसाच्या पेशीत हे घडूच शकत नाही. तिथे प्रत एकदाच, मग थांबायचं, मग वाटणी, मग पुन्हा प्रत. माणसाच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशीचं चक्र साधारण चोवीस तासांचं, त्यात सूत्री विभाजन एखाद तास. पायऱ्या वेगळ्या आहेत म्हणून पायरीवर थांबवता येतं. जिवाणूत प्रत करणं आणि वेगळं होणं एकाच वेळी चालू असतं, मग ‘सगळं जोडलं गेलं का’ हा प्रश्न विचारायला तसा क्षणच नाही. स्लमए सगळं झालं का ते मोजत नाही. ते फक्त इथे डीएनए आहे, इथे नको एवढंच सांगतं. शेवटी एखादा तुकडा कड्याखाली राहिलाच तर एफटीएसके नावाचा पंप तो अलीकडे किंवा पलीकडे ओढून घेतो. राखणदार थांबवण्याऐवजी साफसफाई करतो.

खरं थांबवणं एका ठिकाणी आहे. डीएनए तुटला तर पेशी सुलए नावाचं प्रथिन बनवते. ते एफटीएसझेडलाच धरून ठेवतं, कडं बसत नाही. दुरुस्ती झाली की दुसरं प्रथिन सुलए मिनिटांत फाडून टाकतं. ते फाडणारं प्रथिन नसलेल्या ई. कोलायला थोडा अतिनील प्रकाश दाखवला, तर डीएनए दुरुस्त होऊनही तो दोरा होऊन मरतो, कारण कुलूप उघडणारं कुणी नाही.

ताई, हे तुमच्या कामाचंही आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनने पण दोरे होतात, पण ते या दुसऱ्या वाटेने.

स्लाइडवाली

मग दोन्ही दोरे वेगळे ओळखता येतात का? मला ग्रॅम स्टेनशिवाय काही नाही.

निरभ्र

डीएनएला चमकवणारा रंग असेल तर सोपं आहे. सिफॅलेक्सिनच्या दोऱ्यात मणी सारख्या अंतरावर दिसतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या दोऱ्यात डीएनए मध्ये गोळा होऊन बसतो आणि दोन्ही बाजू रिकाम्या राहतात. ग्रॅम स्टेनवर डीएनए दिसणार नाही, पण कडा नीट पाहा. सिफॅलेक्सिनमध्ये कडं बसलेलं असतं, म्हणून कधीकधी हलकी खाच सापडते. सुलएने अडवलेला दोरा गुळगुळीत असतो. मात्र यावर रिपोर्ट लिहू नका, वाळलेल्या स्मिअरमध्ये खाच नसतानाही दिसू शकते.

तांबडमाती

निरभ्र, एका ठिकाणी तुम्ही शिताफीने पुढे गेलात. कडं पेशी ‘आवळतं’ असं अवि सर म्हणाले आणि तुम्ही ते खोडलं नाही. मी भौतिकशास्त्राकडून या विषयात आलो. जिवाणूच्या आत दाब असतो, तो पटलाला बाहेर ढकलत असतो. एफटीएसझेडच्या लहान लहान साखळ्या, त्याही तुटक. त्यांनी दाबाविरुद्ध पेशी आवळायची म्हणजे कठीण काम. आवळतं ते भित्तिका विणणं. वीट आतल्या बाजूला बसत गेली की पटलाला आत यावंच लागतं. सिफॅलेक्सिनचा दोरा हाच पुरावा नाही का? कडं आहे, वीट नाही, तर आवळणंही नाही.

निरभ्र

मुद्दा रास्त आहे आणि मी त्यावर ठाम नाही. 2008 साली चरबीच्या नळीसारख्या पुटिकांमध्ये फक्त एफटीएसझेड घातलं, पटलाला चिकटायची सोय केलेलं. भित्तिका नाही, दुसरं कुणी नाही. तरी कडी झाली आणि जिथे कडी होती तिथे पुटिका आत दबली. म्हणजे थोडा जोर त्याच्यात आहे. पण तिथे आतला दाब नव्हता हेही खरं.

2017 साली चित्र बरंच बदललं. साखळ्या कड्यात फिरताना दिसल्या. फिरतात म्हणजे प्रत्येक रेणू चालत नाही. रांगेत पुढे नवा माणूस उभा राहतो, मागचा निघून जातो, कुणी जागचं हलत नाही आणि रांग मात्र सरकते. भित्तिका विणणारे त्या रांगेमागे जातात आणि त्यामुळे वीण सगळीकडून सारखी बसते. बॅसिलस सब्टिलिसमध्ये रांग हळू केली तर आवळणं हळू होतं. ई. कोलायमध्ये रांग हळू केली तरी आवळण्याचा वेग जवळजवळ तोच राहतो. दोन जिवाणू, दोन उत्तरं.

सिफॅलेक्सिनवर तुमच्याशी अर्धा सहमत आहे. विणकाम थांबलं की पुढे आवळणं थांबतं, हे नक्की. पण ती सुरुवातीची खाच कोण पाडतं?

तांबडमाती

विणणारे सगळेच एका क्षणी बंद पडत नाहीत, औषध पोचेपर्यंत थोडं काम झालेलं असतं. मी खाचेचं श्रेय एफटीएसझेडला देणार नाही.

कांदेपात

मला एक सांगा. एफटीएसझेड नसलेले जिवाणूही आहेत ना? क्लॅमिडियाकडे ते नाही असं वाचलंय. मग तो कसा विभागतो?

निरभ्र

नाहीच आहे. तो अ‍ॅक्टिनच्या घराण्यातलं प्रथिन आणि थोडी भित्तिका यांवर भागवतो. आणि प्रयोगशाळेत भित्तिका काढून टाकलेले बॅसिलस एफटीएसझेडशिवायही वाढतात. त्यांचं पटल इतकं वाढतं की ते वाकडंतिकडं होऊन स्वतःच तुकडे पाडतं. आकार वेडेवाकडे, पण पिढ्या चालू राहतात. तांबडमातींच्या बाजूने हा पुरावा जातो हे मी कबूल करतो.

स्लाइडवाली

आज कल्चर वाचलं. मॅककॉन्कीच्या प्लेटवर गुलाबी वसाहती आल्या, पण मोजक्याच. एका वसाहतीचं स्मिअर केलं तर सगळी आखूड दांडकी, एकही दोरा नाही. प्लेटवर औषध नव्हतं, म्हणजे गवंड्याचा हात सुटला आणि दोरे तुटले.

मोजणीचं मात्र खटकतंय. स्लाइडवर एवढे जंतू आणि वसाहती इतक्या कमी. निरभ्र, एका दोऱ्यात दहा डीएनए असले तरी प्लेटवर तो एका जागी पडतो आणि त्याची एकच वसाहत होते ना? मग माझा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे.

निरभ्र

बरोबर पकडलंत. एक दोरा, एक वसाहत, आत कितीही डीएनए असले तरी. त्यात काही दोरे फुटून मेलेलेही असतील, ते स्लाइडवर दिसतात पण वाढत नाहीत. दोन्ही कारणांपैकी किती कोणतं, हे या प्लेटवरून सांगता येणार नाही.

स्लाइडवाली

रिपोर्टात आकड्याखाली लिहिलं आहे: ‘नमुना प्रतिजैविक सुरू असताना घेतलेला. स्मिअरमध्ये लांब ग्रॅम निगेटिव्ह दोरे. मोजणी कमी असू शकते.’ डॉक्टरांना फोनही केला. जुनी स्लाइड जपून ठेवली आहे, उद्या उजेड चांगला असताना त्या खाचा पुन्हा शोधणार आहे. पहिल्या दोऱ्यावर दोन ठिकाणी काहीतरी आहे. तिथे रंग किंचित फिका दिसतोय, पण कड आत गेली आहे की स्मिअर सुकताना वळली आहे, ते आज ठरवता आलं नाही.